गच्चीवरच्या टाकीतील बॉल कॉक: प्रकार, भरून वाहणारी टाकी आणि भरतानाचा आवाज (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बॉल कॉक पाणी नेमके कसे बंद करतो?

टाकीच्या वरच्या कडेजवळून आत येणाऱ्या नळाच्या तोंडावर कॉक बसवलेला असतो. त्याला एक लांब दांडी असते आणि दांडीच्या टोकाला पोकळ बॉल असतो. टाकीतील पाणी वर चढू लागले की बॉल तरंगत वर येतो, दांडी आपल्या खिळीवर फिरते आणि कॉकमधील छोटा दट्ट्या पुढे सरकतो. दट्ट्याच्या टोकाला रबराचा वायसर असतो. तो नळाच्या भोकावर दाबून बसला की पाणी थांबते.

हे सगळे यंत्र म्हणजे एक तराजू आहे. एका बाजूने नळातील पाणी वायसरला मागे ढकलत असते आणि दुसऱ्या बाजूने तरंगणारा बॉल दांडीच्या मदतीने तोच वायसर पुढे रेटत असतो. पाण्याची ढकल दोन गोष्टींवर ठरते: पाण्याचा दाब किती आणि भोक किती मोठे. बॉलचा रेटाही दोन गोष्टींवर ठरतो: बॉलने किती पाणी बाजूला सारले आणि खिळीपासून तो किती लांब आहे. बॉल खिळीपासून ३० सेंटिमीटरवर आणि दट्ट्या ४ सेंटिमीटरवर असेल, तर बॉलचा रेटा दट्ट्यापाशी साडेसात पट होतो. टाकी वाहण्याची आणि ती भरताना होणाऱ्या आवाजाची बहुतेक कारणे या एका तराजूपाशी येऊन पोहोचतात, म्हणून पुढील उत्तरे वाचताना तो डोळ्यांसमोर ठेवावा.

टाकी भरून वाहत आहे. म्हणजे कॉक खराबच झाला असे समजावे का?

तसे लगेच समजू नये. आधी वाहणारे पाणी कॉकमधूनच येत आहे का, हे ठरवावे. टाकीकडे येणाऱ्या नळाची चावी पूर्ण बंद करावी, टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेशी खडूने किंवा पेन्सिलने खूण करावी आणि अर्धा तास कोणालाही पाणी वापरू देऊ नये. पातळी तेवढीच राहिली किंवा किंचित उतरली, तर दोष कॉकचा किंवा त्याच्या बसवणीचा आहे. चावी बंद असतानाही पातळी चढली, तर पाणी दुसरीकडून येत आहे.

दुसरीकडून म्हणजे कोठून, हा प्रश्न अनेकांना चक्रावून टाकतो. एकाच गच्चीवर दोन टाक्या असतात, एक चौथऱ्यावर आणि दुसरी वीतभर खाली, आणि दोघींचे खाली जाणारे पाइप एकमेकांना जोडलेले असतात. तेव्हा वरच्या टाकीतील पाणी त्या जोडातून उलटे खालच्या टाकीत चढते आणि खालची टाकी वाहू लागते. खालच्या टाकीतील कॉक कितीही वेळा बदलला तरी हे थांबत नाही. त्या टाकीच्या खाली जाणाऱ्या पाइपवर एका दिशेचा व्हॉल्व्ह बसवावा लागतो किंवा दोन्ही टाक्या एका पातळीवर आणाव्या लागतात. सोलर बंब असलेल्या घरांत थंड आणि गरम पाण्याचे मिक्सर नळ अर्धवट उघडे राहिल्यानेही एका बाजूचे पाणी दुसऱ्या बाजूला जाते, त्यामुळे तेही तपासावे.

दोष कॉकचाच आहे हे कळले. आता काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने?

सर्वांत आधी बॉल पाहावा. चावी बंद करून बॉल दांडीवरून फिरवून काढावा आणि कानाजवळ धरून हलवावा. आत पाणी खुळखुळले, तर बॉलला बारीक चीर गेली आहे. प्लास्टिकच्या बॉलला ती बहुधा दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावर किंवा दांडी शिरते त्या आट्यांजवळ असते, तर जुन्या तांब्याच्या बॉलला डागाच्या जागी असते. पाणी शिरलेला बॉल जड होतो, तरंगताना खोल बसतो आणि त्याचा रेटा कमी पडतो. चिकटपट्टी किंवा मेण लावून चीर बुजवण्याचा खटाटोप करू नये, कारण बॉल सतत पाण्यात असतो आणि दोन आठवड्यांत तीच तक्रार पुन्हा येते. नवा बॉल लावावा.

त्यानंतर दांडीचा मार्ग पाहावा. बॉल हाताने तळापासून वरपर्यंत फिरवून बघावा. तो टाकीच्या भिंतीला, दुसऱ्या पाइपला किंवा टाकीत सोडलेल्या एखाद्या वायरला घासत असेल, तर वर येताना अडकतो. कधी दांडी कॉकमध्ये तिरकी झालेली असते आणि बॉल भिंतीला नुसता टेकतो. वरून पाहणाऱ्याला हे टेकणे दिसत नाही, पण हाताला लगेच जाणवते.

तिसरी पायरी म्हणजे बॉल हाताने वर उचलून धरणे. हलकेच उचलल्यावर पाणी पूर्ण थांबले, तर वायसर ठीक आहे, पण कॉकची उंची चुकलेली आहे किंवा बॉल कमी पडत आहे. जोर लावून उचलल्यावरही तोटीतून पाणी झिरपत राहिले, तर वायसर, भोकाची कड किंवा मध्ये अडकलेला गाळ यांपैकी काहीतरी कारण आहे. या एका कृतीने अर्धे निदान होते, आणि तरीही बहुतेक ठिकाणी ती न करताच नवा कॉक आणला जातो.

वायसर कसा बदलावा?

पितळी कॉकमध्ये हे काम अर्ध्या तासाचे आहे. चावी बंद करावी, शक्य असल्यास टाकीतील पाणी वीतभर उतरवून घ्यावे आणि कॉकच्या खाली एक फडके हाताने धरावे, म्हणजे निसटलेली खिळ टाकीच्या तळाशी जाणार नाही. पक्कडीने खिळीचे फाकवलेले टोक सरळ करून ती ओढावी, दांडी बाजूला घ्यावी आणि दट्ट्या बाहेर काढावा. दट्ट्याच्या टोकाला आट्यांचे छोटे टोपण असते. ते फिरवले की आतला वायसर दिसतो.

जुना वायसर बोटावर घेऊन उजेडात पाहावा. वर्षानुवर्षे भोकावर दाबला गेल्याने त्यावर गोल खाच पडलेली असते, अगदी अंगठीचा ठसा उमटावा तशी. ती खाच सगळीकडे सारखी खोल असेल, तर वायसर केवळ जुना झालेला आहे. एका जागी ती तुटलेली किंवा चिरलेली असेल, तर तेथे वाळूचा कण अडकलेला होता. ताबडतोब नवा वायसर मिळत नसेल, तर जुनाच उलटा करून बसवावा. त्यावर काही दिवस निभावते.

नवा वायसर बसवण्यापूर्वी भोकाच्या कडेवरून नख फिरवावे. कड गुळगुळीत लागली पाहिजे. एखाद्या जागी नख अडले, तर तेथून पाणी सतत घासून जात आल्याने पितळ झिजून चर पडलेला आहे आणि त्यावर कोणताही वायसर नीट बसणार नाही. काही कॉकमध्ये भोकाचा तुकडा वेगळा निघतो आणि तेवढाच बदलता येतो. तसा निघत नसेल, तर कॉक बदलणेच योग्य. दट्ट्यावर आणि तो सरकतो त्या नळीत पांढरे क्षार जमले असतील, तर दट्ट्या लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये ठेवून घासून घ्यावा. कानशीने घासू नये, कारण दट्ट्या सैल झाला की तो वाकडा सरकतो आणि वायसर एका बाजूनेच टेकतो.

आमची टाकी रोज वाहत नाही, अधूनमधून वाहते. वायसर दोनदा बदलला. असे का होते?

अशी तक्रार आमच्या चार मजली इमारतीत जवळपास वर्षभर चालली होती, म्हणून ती सविस्तर सांगतो. गच्चीवर हजार लिटरच्या तीन टाक्या आहेत. खालच्या हौदातून मोटर पाणी वर चढवते आणि एकाच पाइपमधून तिन्ही टाक्यांना देते. प्रत्येक टाकीत एक इंची कॉक होता. चढत्या पाइपला सर्वांत जवळची पहिली टाकी तेवढी वाहायची, आणि तीही मोटर चालू केल्यानंतर बऱ्याच वेळाने. वायसर नवा, बॉल कोरडा, दांडी मोकळी, सगळे ठीक होते.

एका रविवारी सकाळी मी पहिल्या टाकीचे झाकण उघडून तिच्याशेजारीच बसलो. मोटर सुरू झाली, टाकी भरली, बॉल वर आला आणि पाणी थांबले. पुढची दहा मिनिटे एक थेंबही पडला नाही. मग दुसरी टाकी भरली आणि लगेच पहिल्या टाकीच्या तोटीतून सुरीच्या पात्यासारखा पातळ पाण्याचा पडदा सुटू लागला. बॉल हळूहळू बुडत गेला. शेवटी पाण्यावर त्याचा फक्त रुपयाएवढा माथा दिसत होता, तरी पडदा थांबेना. मी सोबत्याला तिसऱ्या टाकीतील बॉल हाताने खाली दाबून धरायला सांगितले. तिकडे पाणी जोरात पडू लागले आणि इकडचा पडदा त्या क्षणी थांबला.

कारण तराजूचेच होते. तिन्ही कॉक उघडे असताना मोटरचे पाणी तीन वाटांनी निघून जाते आणि पाइपमध्ये दाब फारसा राहत नाही. एकेक टाकी मिटू लागली की मोटर तेच बळ उरलेल्या पाण्यावर लावते आणि दाब चढतो. गच्चीवर दाबमापक जोडून पाहिले, तेव्हा शेवटी तो चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलोपर्यंत गेला. आमच्या कॉकचे भोक १५ मिलिमीटर व्यासाचे होते, म्हणजे क्षेत्रफळ पावणेदोन चौरस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे पाणी वायसरला साडेतीन किलोच्या जोराने मागे ढकलत होते. बॉल १० सेंटिमीटर व्यासाचा होता. तो पूर्ण बुडला तरी अर्धा लिटरपेक्षा थोडेच जास्त पाणी सारतो आणि स्वतःचे वजन वजा जाता त्याचा रेटा साडेचारशे ग्रॅमच्या आसपास उरतो. दांडीने तो साडेसात पट केला, तरी जेमतेम ३.४ किलो होतो. बॉल अखेरपर्यंत बुडूनही का हरत होता, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

आम्ही १५ सेंटिमीटरचा बॉल आणि त्याला पेलेल अशी जाड दांडी बसवली. हा बॉल निम्मा बुडाला तरी त्याचा रेटा दट्ट्यापाशी पाच किलोंच्या पुढे जातो. शिवाय तिसऱ्या टाकीत मोटर बंद करणारा फ्लोट स्विच लावला. तेव्हापासून पहिली टाकी वाहिलेली नाही. पालिकेचे पाणी थेट गच्चीवर चढते त्या घरांत हीच गोष्ट पहाटे घडते, कारण आसपासचे नळ बंद असताना वाहिनीतील दाब सर्वाधिक असतो.

कॉकचे प्रकार कोणते आणि आमच्यासाठी कोणता योग्य?

दुकानात सर्वाधिक मिळतो तो वर वर्णन केलेला आडव्या दट्ट्याचा पितळी कॉक. भारतीय मानक आयएस १७०३ याच प्रकारासाठी आहे. यात मोठ्या दाबासाठी बारीक भोकाचे आणि कमी दाबासाठी मोठ्या भोकाचे कॉक वेगवेगळे येतात, आणि खरेदीत चूक होते ती नेमकी येथेच. बाहेरून दोन्ही अर्धा इंची किंवा पाऊण इंची दिसतात, पण आतले भोक निराळे असते. टाकी लवकर भरावी म्हणून मोठ्या भोकाचा कॉक घेतला आणि दाब जास्त निघाला, तर ती मिटत नाही. बारीक भोकाचा कॉक खात्रीने मिटतो, पण दिवसातून तासभरच पाणी येणाऱ्या गावात तेवढ्या वेळात टाकी भरत नाही. म्हणून दुकानात गेल्यावर नुसती इंचांची मापे सांगू नयेत. टाकीशी दाब किती आहे आणि पाणी किती वेळ येते, हेही सांगावे.

या पेचातून सुटका करतो तो समतोल प्रकारचा कॉक. यात नळाचे पाणी एका वाटेने दट्ट्याच्या मागेही पोहोचते, त्यामुळे दोन्ही बाजूंचा दाब एकमेकांना मारतो आणि बॉलला फक्त घर्षणावर मात करावी लागते. भोक मोठे ठेवूनही लहान बॉल पुरतो. मोठ्या इमारतींच्या दीड-दोन इंची पाइपांवर मी हाच सुचवीन. तो महाग असतो आणि गाळाचे पाणी त्याला मानवत नाही, कारण आतली वाट अरुंद असते.

पडद्याच्या कॉकमध्ये वायसरऐवजी रबराचा गोल पडदा भोकावर दाबला जातो. दट्ट्या पडद्याच्या पलीकडे कोरडा राहतो, म्हणून त्यावर क्षार जमत नाहीत. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी टाकीत येत असेल, तर याची निवड करावी, कारण अशा पाण्यात साधा दट्ट्या काही महिन्यांत जाम होतो आणि मग बॉल वर येऊनही दट्ट्या जागचा हलत नाही. पडदा मात्र काही वर्षांनी बदलावा लागतो.

अलीकडे दांडी नसलेले, उभ्या डबीसारखे छोटे कॉकही मिळतात. ते पाण्याचा स्वतःचा दाब वापरून एकदम मिटतात आणि अपुऱ्या जागेत बसतात. त्यांच्या आतील नियंत्रणाचे छिद्र फार बारीक असते. गाळणी लावल्याशिवाय ते टिकत नाहीत आणि पाण्याला थोडाफार दाब नसेल तर नीट मिटत नाहीत.

दांडी वाकवून पाण्याची पातळी खाली आणावी का?

पितळी दांडी असेल आणि बाकी सगळे ठीक असेल, तर आणता येते. भरलेल्या पाण्याची रेषा ओव्हरफ्लोच्या पाइपच्या खालच्या कडेपेक्षा किमान एक इंच खाली असावी. वाकवताना एका हाताने दांडी कॉकच्या बाजूला घट्ट धरावी आणि दुसऱ्या हाताने मधोमध हळूहळू खाली वळवावी, म्हणजे जोर खिळीवर येत नाही. प्लास्टिकची दांडी वाकवू नये, ती काही दिवसांनी तडकते. तिच्यावर बॉल खालीवर सरकवण्याचा स्क्रू असतो, तो वापरावा.

वायसर खराब असताना दांडी वाकवणे मात्र निरुपयोगी आहे. गळणारा कॉक खालच्या पातळीवरही गळतच राहतो, टाकी फक्त थोडी उशिरा वाहू लागते.

टाकी भरताना इतका आवाज का होतो?

आवाज एक नसतो. तो कसा आहे हे नीट ऐकल्यावरच कारण कळते, म्हणून रात्री किंवा पहाटे, शांत वेळी, झाकण उघडून ऐकावे.

पहिला आवाज पाणी पडण्याचा. रिकाम्या प्लास्टिकच्या टाकीत तीन-चार फुटांवरून धार पडली की टाकीच्या पातळ भिंती नगाऱ्यासारख्या घुमतात. टाकी अर्धी भरली की हा आवाज आपोआप कमी होतो. त्यावरूनच तो ओळखावा.

दुसरा आवाज फुसफुसण्याचा आणि नळ थुंकल्यासारखा तुटक येण्याचा. ज्या शहरांत ठराविक वेळीच पाणी सुटते तेथे पाइप मधल्या काळात रिकामे होऊन त्यांत हवा भरते. पाणी सुटले की आधी ती हवा बाहेर पडते. पहिली काही मिनिटे असे होणे स्वाभाविक आहे आणि त्यावर कॉक बदलण्याचा खर्च करू नये.

तिसरा आवाज बारीक शिट्टीचा, आणि तो टाकी भरत आल्यावरच येतो. साधा कॉक एकदम मिटत नाही. शेवटच्या एक-दोन इंचांत बॉल हळूहळू चढतो आणि वायसर भोकापासून केसभर अंतरावर बराच वेळ राहतो. तेवढ्या फटीतून पाणी फार वेगाने निसटते आणि सूं असा आवाज येतो. पाण्याचा दाब जास्त असेल, तर शिट्टी मोठी. टाकीआधीची चावी थोडी आवळून दाब कमी केल्यास ती निवळते. पडद्याच्या कॉकमध्येही ती बरीच कमी असते.

चौथा आवाज धडधडीचा, आणि तोच सर्वांत त्रासदायक. माझ्या आत्याच्या घरी झोपण्याच्या खोलीवरच टाकी होती आणि पहाटे साडेपाचला पाणी आले की भिंतीत कोणी हातोडा मारत असल्यासारखे वाटायचे. झाकण उघडून पाहिले, तर पडणाऱ्या धारेने पाण्यावर लाटा उठत होत्या आणि त्या लाटांवर बॉल नाचत होता. बॉल वर गेला की कॉक मिटायचा, खाली आला की उघडायचा, सेकंदात कित्येक वेळा. दर वेळी कॉक मिटला की पाइपमधून वेगाने येणारे पाणी एकदम अडायचे आणि त्याचा धक्का पाइपला बसायचा. भिंतीवरून वर आलेला तो पाइप सुमारे आठ फूट कशालाही बांधलेला नव्हता, त्यामुळे प्रत्येक धक्क्याला तो भिंतीवर आपटत होता.

तेथे आम्ही तीन गोष्टी केल्या. पाइपला दर चार फुटांवर क्लॅम्प मारले. तोटीला छोटे वळण लावून धार बॉलपासून दूरच्या कोपऱ्याकडे फिरवली. आणि चावी निम्मी आवळली. आवाज पहिल्याच दिवशी इतका कमी झाला की आत्या पाणी आले आहे का हे पाहायला गच्चीवर गेली. लाटा तरीही उरल्या असत्या, तर बॉलभोवती भोके पाडलेली प्लास्टिकची बादली टाकीच्या भिंतीला पक्की बांधून लाटा अडवता आल्या असत्या. पाणी भोकांतून आत येते, बॉल नेहमीसारखा चढतो, पण लाट आत पोहोचत नाही. बादली बॉलला कोठेही टेकता कामा नये.

तोटीला पाइप जोडून तो थेट पाण्याखाली सोडला तर आवाज बंद होतो असे प्लंबर म्हणाला. करावे का?

पडण्याचा आवाज बंद होतो हे खरे, पण एक धोका त्याबरोबर येतो. पालिकेचे पाणी बंद झाल्यावर वाहिनीत कधीकधी ओढ निर्माण होते. खालच्या एखाद्या घरात नळाला थेट मोटर लावून पाणी खेचले जात असेल, तर ती ओढ आणखी वाढते. पाइपचे तोंड पाण्यात बुडालेले असेल आणि कॉक पूर्ण मिटलेला नसेल, तर टाकीतील पाणी उलटे वाहिनीत खेचले जाते, आणि टाकीत पडलेले काहीही त्याबरोबर सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्यात जाते. म्हणूनच कॉकचे तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा वर ठेवतात.

पालिकेच्या थेट जोडणीवर असा पाइप लावूच नये. हौदातून मोटरने चढणाऱ्या पाण्यासाठी तो लावायचा असेल, तर ओव्हरफ्लोच्या वर, पाणी कधीही पोहोचणार नाही अशा उंचीवर त्याला छिद्र पाडावे. ओढ निर्माण झाली तर त्या छिद्रातून हवा आत शिरते आणि पाणी उलटे जात नाही. छिद्रातून थोडे पाणी उडते, म्हणून ते झाकणाच्या विरुद्ध बाजूला ठेवावे.

बॉल कॉक आणि फ्लोट स्विच यांत फरक काय? मोटर असेल तर कोणता लावावा?

बॉल कॉक पाणी अडवतो, फ्लोट स्विच वीज तोडतो. नुसता बॉल कॉक लावून मोटर चालू राहिली, तर कॉक मिटल्यावर मोटर बंद पाइपवर चालते, तिच्यातील तेच पाणी घुसळत राहून तापते आणि कालांतराने तिची सील जाते. बोअरच्या मोटरचा बंद पाइपवरचा दाब तर इतका चढू शकतो की कॉकची दांडी वाकते किंवा पाइपचा सांधा सुटतो. म्हणून एकाच टाकीला मोटर असेल, तर पाइप मोकळा ठेवून फ्लोट स्विच लावावा. एका मोटरवर अनेक टाक्या असतील, तर प्रत्येकीत कॉक आणि सर्वांत शेवटी भरणाऱ्या टाकीत स्विच, अशी रचना करावी. वीजजोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी आणि टाकीत हात घालण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा.

प्लास्टिकच्या टाकीत कॉक बसवताना कशाची काळजी घ्यावी?

भोक टाकीच्या वरच्या सपाट पट्ट्यात पाडावे, गोलाईवर नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंना रबरी वायसर आणि मग चेकनट, असा क्रम ठेवावा. चेकनट हाताने घट्ट झाल्यावर पान्याने अर्धा फेरा पुरतो. त्याहून जास्त आवळल्यास प्लास्टिकला चीर जाते आणि ती पुढे उन्हाने वाढते. येणाऱ्या पाइपचे वजन टाकीच्या भिंतीवर येऊ देऊ नये, त्याला स्वतंत्र आधार द्यावा. भिंत वाकली तर कॉकही तिरका होतो आणि बॉल टेकू लागतो.

थोडेसे थेंब पडतात, त्यासाठी इतकी खटपट करावी का?

ओव्हरफ्लोच्या पाइपखाली एक लिटरची बाटली धरून घड्याळ लावावे. ती पाच मिनिटांत भरली, तर तासाला १२ लिटर आणि धार दिवसरात्र चालली तर दिवसाला २८८ लिटर पाणी जात आहे. शिवाय ही धार भिंतीवरून ओघळत असेल, तर तेथे ओल धरते आणि रंग फुगतो. ओव्हरफ्लोचा पाइप भिंतीपासून हातभर बाहेर काढावा आणि त्याचे तोंड लोकांना दिसेल असे ठेवावे. तो थेट गटाराला जोडला, तर कॉक महिनोन्महिने गळत राहिला तरी कोणाला पत्ता लागत नाही. तोंडाला बारीक जाळी लावावी, नाहीतर तेथून डास आणि पाली टाकीत शिरतात.

कॉक किती दिवसांनी तपासावा?

पालिकेच्या स्वच्छ पाण्यावर सहा महिन्यांनी, म्हणजे टाकी धुण्याच्या वेळीच तपासावा. बोअरच्या पाण्यावर दर तीन महिन्यांनी दट्ट्या काढून क्षार पुसावेत. रस्त्यातील जलवाहिनीची दुरुस्ती झाली असेल, तर त्यानंतर पहिले पाणी टाकीत घेऊच नये, ते खालच्या नळाने सोडून द्यावे, कारण त्याबरोबर वाळू आणि गंज येतो आणि चांगला चालणारा कॉक नेमका त्याच दिवशी गळू लागतो.